पॉइसनच्या λ साठी x̄ आणि S² दोन्ही अनबायस्ड, मग दोघांची सरासरी का घेऊ नये?

सावली_म्हापसा

नमस्कार. मी एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. इन्फरन्सच्या पेपरातली एक गोष्ट मनाला पटत नाहीये, म्हणून धागा काढतेय.

आकडे माझेच आहेत. एका बुधवारी सकाळी १० ते ११.४० मी म्हापशाच्या एका पायलट स्टँडजवळ बसून दर दहा मिनिटांत किती गिऱ्हाईकं आली ते लिहून घेतलं. (गोव्याबाहेरच्यांसाठी: पायलट म्हणजे भाड्याने सोडणारे मोटरसायकलवाले.) दहा खणांचे आकडे असे:

४, १, २, ६, ०, ३, १, ५, २, १

बेरीज २५, म्हणून सरासरी २.५. n−1 ने भागून काढलेला S² मात्र ३.८३ येतो. पॉइसनमध्ये सरासरीही λ आणि व्हेरियन्सही λ, म्हणजे x̄ आणि S² दोघेही λ चे अनबायस्ड एस्टिमेटर. एक म्हणतो २.५, दुसरा म्हणतो ३.८३.

वर्गात सांगितलं की x̄ एफिशियंट आहे. क्रामर-रावची खालची मर्यादा λ/n येते, x̄ चा व्हेरियन्सही λ/n येतो, प्रश्न संपला. हे गणित मला करता येतं. पण आकडे किती पसरलेत ते S² ला दिसतं आणि x̄ ला अजिबात दिसत नाही. ती माहिती टाकून देऊनही x̄ सगळ्यांत चांगला कसा? दोघांची सरासरी काढून ३.१७ म्हटलं तर काय बिघडलं?

दशमलव

ताई, तुमचा नमुनाच लहान आहे. दहा आकड्यांवर काय ठरणार? किमान ३० तरी हवेत, त्याशिवाय सेंट्रल लिमिट थिअरम लागू होत नाही. आधी आणखी दोन-तीन दिवस बसून मोजा, मग दोन्ही उत्तरं आपोआप जवळ येतील.

क्वालिटीवाला

मी वेर्ण्याला एका औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे, हे रोजचं काम आहे. सावली, तुमची शंका बरोबर दिशेने चालली आहे. x̄ आणि S² या दोन वेगळ्या साक्षी आहेत. दोन स्वतंत्र अंदाज हाती असले की ते जोडायचे, फक्त सरळ अर्धे-अर्धे नाही. ज्याचा व्हेरियन्स कमी त्याला वजन जास्त. दोघांचे व्हेरियन्स काढा, उलट करून वजनं द्या, x̄ पेक्षा चांगलं उत्तर मिळेल. आम्ही दोन उपकरणांची मापं अशीच जोडतो.

सावली_म्हापसा

@दशमलव, आकडे जास्त हवेत हे खरं, पण माझा प्रश्न तो नाही. हातात दहाच असतील तर त्या दहांचं काय करायचं, एवढंच विचारतेय. λ/n हे सूत्र n = १० लाही तंतोतंत खरं आहे ना?

@क्वालिटीवाला, S² चा व्हेरियन्स मी काढला: λ/n + 2λ²/(n−1). λ = २.५ धरला तर x̄ चा ०.२५ आणि S² चा १.६४.

फोंड्याचा_मास्तर

सावली, प्रश्न छान मांडलास. मी बरीच वर्षं हा विषय शिकवला, पण "ती माहिती टाकून का द्यायची" असं सरळ विचारणारी मुलं कमी भेटतात. बहुतेक जण सूत्र जुळलं की वही मिटतात. म्हणून सावकाश लिहितो.

पहिलं, तू म्हणतेस ते बरोबर. या सगळ्यात सेंट्रल लिमिट थिअरम कुठेच येत नाही. n = १० ला, अगदी n = २ लाही हे सगळं नेमकं खरं आहे.

आता क्वालिटीवाल्यांचा हिशेब करून पाहू, कारण त्यातच उत्तराचा धागा आहे. व्हेरियन्स ०.२५ आणि १.६४. दोन्ही स्वतंत्र धरून उलट्या वजनांनी जोडले तर नव्या अंदाजाचा व्हेरियन्स १ भागिले (४ + ०.६१), म्हणजे ०.२१७ येईल. पण खालची मर्यादा ०.२५ आहे, आणि वजनांची बेरीज १ असल्यामुळे जोडलेला अंदाजही अनबायस्डच राहतो. अनबायस्ड अंदाज मर्यादेखाली जाऊच शकत नाही. मग हिशेबात कुठेतरी खोट आहे, आणि ती "स्वतंत्र" या शब्दात आहे. नॉर्मलमध्ये x̄ आणि S² स्वतंत्र असतात, त्यामुळे तिथली सवय हाताला लागते. पॉइसनमध्ये ते स्वतंत्र नाहीत. ज्या दिवशी गिऱ्हाईकं जास्त, त्या दिवशी पसरणंही जास्त. दोघांचा कोव्हेरियन्स काढलास तर तो बरोबर λ/n येतो, म्हणजे इथे ०.२५.

हा आकडा परत एकदा बघ. x̄ चा स्वतःचा व्हेरियन्सही ०.२५ आणि S² बरोबरचा कोव्हेरियन्सही ०.२५. तो योगायोग नाही. संध्याकाळी पुढचं लिहितो.

डिचोलकर

मास्तरांचं येईपर्यंत ज्यांना तपासून पाहायचं आहे त्यांनी आर मध्ये हे चालवा:

```
set.seed(1)
x <- matrix(rpois(10*100000, 2.5), ncol = 10)
m <- rowMeans(x)
v <- apply(x, 1, var)
var(m); var(v); cov(m, v)
```

०.२५, १.६४ आणि परत ०.२५ यांच्या आसपास आकडे येतील.

क्वालिटीवाला

चालवून पाहिलं. कोव्हेरियन्स खरंच ०.२५ येतो. पण कोरिलेशन असलं तरी वजनं बदलून थोडा तरी फायदा मिळायला हवा. दोन उपकरणांमध्ये कोरिलेशन असतं तेव्हाही आम्ही जोडतोच की.

फोंड्याचा_मास्तर

एरवी बहुतेकदा मिळतो, इथे मिळत नाही. का ते पाहू.

सावलीच्या दहा आकड्यांची संयुक्त शक्यता लिहा. ती e^(−nλ) · λ^T भागिले प्रत्येक आकड्याच्या फॅक्टोरियलचा गुणाकार अशी येते. T म्हणजे एकूण बेरीज, २५. λ फक्त पहिल्या भागात आहे आणि तिथे आकड्यांमधलं T सोडून काहीच नाही. फॅक्टोरियलच्या भागात सगळे आकडे आहेत, पण λ नाही. म्हणून T सफिशियंट.

एवढं पुस्तकात असतं. त्याचा अर्थ असा. मला फक्त एवढंच सांगा की शंभर मिनिटांत २५ गिऱ्हाईकं आली. ती कोणत्या दहा मिनिटांत आली ते सांगू नका. तर मी काय करीन? २५ पैकी प्रत्येक गिऱ्हाईक दहांपैकी कोणत्याही खणात सारख्याच शक्यतेने टाकीन. मला λ ठाऊक नाही, आणि ठाऊक असायची गरजही नाही. λ एक असो की नऊ, बेरीज २५ आली असं एकदा कळलं की खणांमधली वाटणी याच नियमाने होते. आर मध्ये ती एका ओळीत होते:

```
rmultinom(1, 25, rep(1/10, 10))
```

यातून मिळालेल्या दहा आकड्यांचा S² काढा. तो सावलीच्या S² इतकाच "खरा" आहे, त्याच वितरणातून आलेला. आणि तो मी λ कडे न बघता घरी बसून बनवला. जी गोष्ट λ न जाणता बनवता येते ती λ बद्दल काय सांगणार?

आता या बनावट S² ची सरासरी काढा. T = २५ असताना ती बरोबर २.५ येते, म्हणजे x̄ च. T कितीही असो, S² ची अपेक्षित किंमत त्या T साठी T/n. म्हणून S² असा लिहिता येतो:

S² = x̄ + (S² − x̄)

कंसातल्या भागाची सरासरी, T काहीही असलं तरी, शून्य. म्हणून त्याचा x̄ शी कोव्हेरियन्स शून्य, आणि म्हणूनच तो ०.२५ पुन्हा दिसला. S² म्हणजे x̄ च, वर निव्वळ गोंगाट मिसळलेला. त्या गोंगाटाचा व्हेरियन्स 2λ²/(n−1), इथे १.३९.

क्वालिटीवाले, तुम्ही x̄ ला a वजन द्या आणि S² ला १−a. व्हेरियन्स येतो:

λ/n + (1−a)² · 2λ²/(n−1)

पहिला भाग a वर अवलंबूनच नाही. दुसरा शून्याच्या खाली जात नाही आणि a = १ ला शून्य होतो. S² ला जितकं वजन द्याल तितकी भरच पडेल. तुमची दोन उपकरणं एकाच वस्तूचं आपापल्या चुकांसह माप घेतात, म्हणून एकाची चूक दुसरं थोडी भरून काढतं. इथे S² कडे x̄ ची चूक भरून काढणारं काहीच नाही. x̄ जिथे चुकतो तिथे S² ही तेवढाच चुकतो आणि वर आपली वेगळी चूक घालतो.

किती नुकसान होतं त्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. फक्त S² वापरून x̄ इतकी अचूकता हवी असेल तर १० ऐवजी ६१ खण मोजावे लागतील. शंभर मिनिटांऐवजी दहा तासांहून जास्त.

सावली_म्हापसा

हे वाचून पहिल्यांदा काहीतरी हाती लागलं. पण सर, तुम्ही S² ची गोष्ट सांगितलीत. उद्या कोणी मीडियन आणेल, कोणी पहिल्या पाच खणांचंच काही काढेल. प्रत्येकाला असं सोलून दाखवायचं का?

फोंड्याचा_मास्तर

तेवढ्यासाठीच तर मर्यादा आहे.

लॉग-लाइकलिहूडचं λ नुसार डेरिव्हेटिव्ह घे. T/λ − n. याला स्कोअर म्हणतात. याची सरासरी शून्य आणि व्हेरियन्स n/λ, इथे ४. λ किंचित बदलला तर आकड्यांची शक्यता किती हलते ते हा सांगतो.

आता कोणताही अनबायस्ड एस्टिमेटर घे, मीडियनला दुरुस्त करून बनवलेला घे, काहीही. अनबायस्ड म्हणजे प्रत्येक λ साठी त्याची सरासरी λ. या समीकरणाच्या दोन्ही बाजूंचं λ नुसार डेरिव्हेटिव्ह घेतलंस की उजवीकडे १ येतो आणि डावीकडे त्या एस्टिमेटरचा स्कोअरशी असलेला कोव्हेरियन्स. म्हणजे जगातल्या प्रत्येक अनबायस्ड एस्टिमेटरचा स्कोअरशी कोव्हेरियन्स एकच असतो, १. माझ्या मते या सगळ्या सिद्धतेतली सर्वांत सुंदर ओळ ही आहे, आणि शिकवताना आपण तिच्यावरून घाईने पुढे जातो.

पुढचं कोशी-श्वार्ट्झ. कोव्हेरियन्सचा वर्ग दोन व्हेरियन्सच्या गुणाकारापेक्षा मोठा नसतो, म्हणून एस्टिमेटरचा व्हेरियन्स किमान १ भागिले n/λ, म्हणजे λ/n.

बरोबरी कधी येते? एस्टिमेटर आणि स्कोअर यांचं नातं सरळ रेषेचं असेल तेव्हाच. आणि आपला स्कोअर असा लिहिता येतो:

T/λ − n = (n/λ)(x̄ − λ)

x̄ हा स्कोअरचाच ताणलेला, सरकवलेला अवतार आहे. म्हणून तो मर्यादेवर नेमका बसतो. S² मध्ये स्कोअरशी संबंध नसलेला १.३९ चा भाग आहे, म्हणून तो तेवढा वर राहतो. दुसरा कोणीही आण, त्याचंही हेच होणार.

डेरिव्हेटिव्ह बेरजेच्या आत नेलं, हे गृहीत आहे. पॉइसनला चालतं. शून्य ते θ अशा युनिफॉर्ममध्ये टोकच θ बरोबर हलतं, तिथे ही पायरी मोडते. तिथे हेच यंत्र डोळे मिटून चालवलंस तर मर्यादा θ²/n येते आणि सर्वांत मोठ्या आकड्यावरून बनवलेला अनबायस्ड एस्टिमेटर θ²/(n(n+2)) ला जाऊन बसतो. मर्यादेखाली कोणी गेलेलं दिसलं की आधी टोक पॅरामीटरवर अवलंबून आहे का ते बघायचं.

डिचोलकर

थोडं विषयाला धरूनच. राव यांचा हा निकाल १९४५ च्या लेखातला आहे, कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमधला, तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते. T दिल्यावर S² ची सरासरी x̄ होते असं मास्तरांनी दाखवलं, त्यामागची कल्पनाही त्याच लेखात आहे. आणि सफिशियंट स्टॅटिस्टिक कोणत्या वितरणांना मिळतो या प्रश्नावर आपल्या वि. श. हुजूरबाजारांनी मोठं काम केलं. कोल्हापूरचे, केंब्रिजला जेफ्रीजकडे शिकलेले, पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग त्यांनीच उभा केला. मराठी वाचकांना हे नाव माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पिवळा_मडगार्ड

माझे वडील पायलट आहेत, म्हापशालाच. त्यामुळे हा धागा पूर्ण वाचला, सगळा समजला असं नाही. पण स्टँडवरच्या माणसाला λ नको असतो. त्याला विचारायचं असतं की दहा मिनिटं थांबून एकही गिऱ्हाईक न येण्याची शक्यता किती? चहाला जाऊन यायचं की नाही ते त्यावर ठरतं. दहापैकी एका खणात शून्य आहे, म्हणजे १० टक्के म्हणायचं का?

दुसरं, शुक्रवारचे आकडे यात नाहीत ना? शुक्रवारच्या बाजाराला स्टँड वेगळाच असतो.

सावली_म्हापसा

नाही, शुक्रवार मुद्दाम टाळला. सगळे आकडे एकाच बुधवारच्या सकाळचे.

तुमचा प्रश्न मस्त आहे. पॉइसन धरलं तर शून्याची शक्यता e^(−λ). x̄ घातला तर e^(−२.५) = ०.०८२. पण हा अनबायस्ड नाही. त्याची सरासरी खऱ्या ०.०८२ ऐवजी ०.०९३ च्या जवळ येते, असं मी आत्ताच काढलं.

डिचोलकर

अनबायस्ड हवा असेल तर मास्तरांचीच युक्ती वापरा. "पहिल्या खणात शून्य आहे का" हा एक ओबडधोबड अनबायस्ड अंदाज आहे, हो असेल तर १, नाही तर ०. आता T = २५ दिलं की प्रत्येक गिऱ्हाईक पहिला खण चुकवण्याची शक्यता ०.९, म्हणून पंचवीसही चुकवण्याची ०.९^२५ = ०.०७२. सूत्र (1 − 1/n)^T.

नुसते रिकामे खण मोजायचे, म्हणजे १० टक्के, तर λ = २.५ ला त्या अंदाजाचा व्हेरियन्स ०.००७५. (1 − 1/n)^T चा ०.००१९. जवळजवळ चौपट फरक. मडगार्ड, तुमच्या १० टक्क्यांना चूक म्हणता येत नाही, पण बाकीच्या नऊ खणांत एक आला की सहा आले हे तो अंदाज बघतच नाही.

क्वालिटीवाला

आणि T कम्प्लीट सफिशियंट आहे, म्हणून याच्यापेक्षा कमी व्हेरियन्सचा अनबायस्ड नाहीच. म्हणजे हाही एफिशियंट. बरोबर?

फोंड्याचा_मास्तर

पहिलं वाक्य बरोबर, दुसरं नाही. नेमकी इथेच मुलं अडखळतात, म्हणून आकडे देतो.

e^(−λ) साठी मर्यादा काढताना λ/n ला e^(−λ) च्या डेरिव्हेटिव्हच्या वर्गाने गुणायचं. λ = २.५, n = १० ला ती ०.००१६८ येते. (1 − 1/n)^T चा व्हेरियन्स ०.००१९१. तो मर्यादेला पोचत नाही, आणि तरीही त्याच्याहून चांगला अनबायस्ड अस्तित्वात नाही. मर्यादा आणि सर्वोत्तम यांच्यात मोकळी जागा राहते.

कारण वरच दिलं आहे. बरोबरी हवी तर एस्टिमेटर स्कोअरशी सरळ रेषेत हवा, म्हणजे T शी सरळ रेषेत. ०.९^T सरळ रेषा नाही. पॉइसनमध्ये फक्त λ किंवा aλ + b अशा गोष्टींच्याच बाबतीत मर्यादा गाठता येते. १०० मिनिटांत सरासरी किती गिऱ्हाईकं, याला एफिशियंट एस्टिमेटर आहे. खण रिकामा जाण्याच्या शक्यतेला नाही. मॉडेल तेच, आकडे तेच, प्रश्न बदलला की मर्यादा हाताबाहेर जाते. n वाढला की फट कमी होत जाते, पण कोणत्याही ठरावीक n ला ती बंद होत नाही.

डिचोलकर

मास्तर, इथे मला थोडा वाद घालायचा आहे. अनबायस्डचा हट्ट का? n = १ घ्या. (1 − 1/n)^T म्हणजे गिऱ्हाईक नसेल तर १ आणि एक जरी आलं तरी ०. एका खणात एक गिऱ्हाईक दिसलं म्हणून "रिकामा खण अशक्य" असं सांगणारा अंदाज मी तरी कोणाला देणार नाही.

आणि हे n = १ पुरतंच नाही. दुपारचा सुस्त स्टँड घ्या, λ = ०.५, n = १०. अनबायस्डचा व्हेरियन्स ०.०१८९, मर्यादा ०.०१८४. आणि साधा e^(−x̄), बायस धरून मोजलेली सरासरी वर्ग चूक ०.०१८१. मर्यादेच्याही खाली.

फोंड्याचा_मास्तर

बरोबर आहेत आकडे, आणि नियम कुठे मोडलेला नाही. मर्यादा अनबायस्डना बांधते, e^(−x̄) त्यांच्यात नाही. पण सावलीच्या λ = २.५ ला तोच e^(−x̄) ०.००२२९ ला जातो, अनबायस्डच्या ०.००१९१ पेक्षा वाईट. λ माहीत नसताना कोणता घ्यायचा ते तुम्ही मला सांगा. मी अनबायस्डकडे झुकतो, कारण वर्षभराचे असे अंदाज कोणी एकत्र करणार असेल तर बायस साचत जातो आणि गोंगाट विरत जातो.

डिचोलकर

एकत्र करणार असेल तर T च जपून ठेवा आणि सगळ्यांची बेरीज करा, मग हा प्रश्नच उरत नाही. मी e^(−x̄) वरच राहणार.

खारफुटी_चोडण

माझ्या आकड्यांना हे लागू होईल का ते विचारायचं होतं. चोडणच्या सलीम अली अभयारण्याच्या बाजूने खारफुटीतल्या एका ठरलेल्या जागेवरून मी सकाळी तुतवार मोजतो. आठ सकाळचे आकडे: ०, ३, ०, ४१, ७, ०, २२, १. सरासरी ९.२५. वरचं वाचून मी λ/n वरून स्टँडर्ड एरर काढली, १.०८ आली. म्हणजे "९.२५, कमी-जास्त १" असं वहीत लिहू?

फोंड्याचा_मास्तर

नका लिहू. बरं झालं विचारलंत, कारण सावलीच्या मूळ शंकेचा दुसरा अर्धा भाग इथे आहे.

T सफिशियंट आहे हे वाक्य "पॉइसन खरं असेल तर" या अटीखाली आहे. ती अट खरी आहे का, हे T कधीच सांगू शकत नाही. ते सांगायला आपण गोंगाट म्हणून बाजूला ठेवलेला भागच लागतो. वाटणी λ शिवाय ठरते, म्हणूनच λ न जाणता तिची परीक्षा घेता येते. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज x̄ ने भागा. पॉइसन असेल तर ती n−1 च्या आसपास हवी.

सावलीचे आकडे: ३४.५ भागिले २.५ = १३.८. अपेक्षा ९ ची, आणि ९ डिग्रीच्या काय-वर्गाची ५ टक्क्यांची रेषा १६.९. थोडं जास्त पसरलेलं आहे, पण पॉइसनला न शोभण्याइतकं नाही. म्हणून तिथे S² बाजूला ठेवून x̄ घेता येतो. शुक्रवार त्यात मिसळला असता तर हाच आकडा फुगला असता.

तुमचे आकडे: १५३९.५ भागिले ९.२५ = १६६. अपेक्षा ७ ची. हे पॉइसन नाही. तुतवार एकेकटे येत नाहीत, थवा उतरतो, म्हणून एकतर शून्य नाहीतर चाळीस. सरासरी ९.२५ अजूनही अनबायस्ड आहे, तिच्यात खोट नाही. खोट λ/n मध्ये आहे. खरा S² जवळजवळ २२० आहे, त्यावरून स्टँडर्ड एरर ५.२ येते, तुमच्या १.०८ च्या जवळजवळ पाचपट.

खारफुटी_चोडण

पाचपट! मग एफिशियंट एस्टिमेटर कोणता? निगेटिव्ह बायनॉमियल बसवू का?

डिचोलकर

बसवता येईल, पण आठ आकड्यांवर त्याचा दुसरा पॅरामीटर फार डळमळीत येईल. आणि तो पॅरामीटर माहीत नसेल तर फक्त बेरजेवर काम भागत नाही, सगळे आकडे जपावे लागतात.

फोंड्याचा_मास्तर

मी आधी वेगळं विचारीन. थवे वेगळे नोंदवलेत का? ४१ म्हणजे एक थवा की तीन? थव्यांची संख्या पॉइसनच्या जवळ असण्याची शक्यता बरीच आहे, आणि मग त्या भागापुरता सावलीचा सगळा हिशेब जसाच्या तसा चालेल. थव्यातल्या पक्ष्यांची संख्या हा वेगळा प्रश्न, त्याला वेगळं वितरण.

खारफुटी_चोडण

काही दिवशी नोंद आहे, काही दिवशी नुसता एकूण आकडा. २२ च्या दिवशी दोन थवे होते हे नक्की, ४१ चं वहीत बघावं लागेल. भरती-ओहोटीची वेळही सगळीकडे लिहिलेली नाही, आणि ओहोटीला चिखल उघडा पडला की जास्त येतात. तो फरकही यात मिसळला असेल का?

फोंड्याचा_मास्तर

असेल. शुक्रवार आणि बुधवार मिसळल्यासारखंच ते. तारखा असतील तर भरतीच्या तक्त्यावरून वेळ मागाहून लावता येते, तेवढं करा. मग ओहोटीचे दिवस वेगळे काढून प्रत्येक गटाचा तो भागाकार परत काढा आणि इथे टाका. थव्यांनी किती फुगवलं आणि ओहोटीने किती, ते आत्ता या आठ आकड्यांवरून वेगळं करता येणार नाही.

सावली_म्हापसा

सगळ्यांना देव बरें करूं. @पिवळा_मडगार्ड, पुढच्या शुक्रवारी मी त्याच स्टँडवर बसणार आहे. फक्त शुक्रवारच्या आकड्यांचा भागाकार ९ च्या जवळ राहतो का ते बघायचं आहे. बसमधून चार-पाच जण एकदम उतरून स्टँडवर येत असतील तर तिथेही थवाच झाला. वडिलांना एवढं विचाराल का, की शुक्रवारी गिऱ्हाईकं एकेकटी येतात की घोळक्याने?

पिवळा_मडगार्ड

विचारलं. सकाळी नऊपर्यंत घोळक्याने, बस लागली की. त्यानंतर एकेकटी. साडेनऊनंतर बसा.